सँडविच एलायझा : दोन प्रतिपिंडे, एक धुणे आणि एक वक्र

शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह झाला की रक्तात इंटरल्युकिन-६ नावाचे प्रथिन वाढते. निरोगी माणसाच्या एक मिलिलीटर रक्तद्रवात ते साधारण काही पिकोग्रॅमच असते, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. शेकडो प्रकारच्या इतर प्रथिनांच्या गर्दीतून एवढे थोडे प्रथिन मोजण्याचे काम सँडविच एलायझा ही चाचणी करते. एलायझाची पद्धत १९७१ मध्ये स्वीडनमध्ये एंगवाल व पर्लमान यांनी आणि नेदरलँड्समध्ये व्हान वीमेन व श्यूर्स यांनी स्वतंत्रपणे मांडली.

चाचणीचा पाया म्हणजे प्रतिपिंडांची जोडी. पहिले प्रतिपिंड प्लास्टिकच्या प्लेटमधील खळग्याच्या तळाशी चिकटवलेले असते. ते रक्तद्रवातले इंटरल्युकिन-६ पकडून ठेवते. दुसरे प्रतिपिंड त्याच रेणूला वरून येऊन चिकटते आणि पुढे रंग निर्माण करणारे विकर त्याच्यामार्फत तिथे पोचते. म्हणून ही दोन प्रतिपिंडे त्या प्रथिनाच्या दोन वेगवेगळ्या जागा ओळखणारी असावी लागतात. दोघांनाही एकच जागा हवी असेल, तर पहिल्याने ती व्यापल्यावर दुसऱ्याला बसायला ठिकाणच उरत नाही आणि चाचणी कोरी जाते. कोणते प्रतिपिंड खाली चांगले आणि कोणते वर, हे कागदावर ठरत नाही. अदलाबदल करून पाहावेच लागते.

प्रमाणेही अशीच प्रयोगाने ठरतात. एका प्लेटवर पहिल्या प्रतिपिंडाची तीव्रता एका दिशेने बदलत नेतात, उदाहरणार्थ दर मिलिलीटरला १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम, आणि दुसऱ्याची तीव्रता आडव्या दिशेने. प्रत्येक जोडी प्रथिनासह आणि प्रथिनाविना तपासतात. सर्वांत गडद रंग देणारी जोडी निवडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या खळग्यांच्या रंगात जास्तीत जास्त अंतर पाडणारी जोडी खरी उपयोगाची.

पहिल्या प्रतिपिंडाचे १०० मायक्रोलीटर द्रावण प्रत्येक खळग्यात घालून प्लेट रात्रभर ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. प्लास्टिकवर उरलेल्या मोकळ्या जागी पुढची रसायने चिकटू नयेत म्हणून त्या जागा बोव्हाइन अल्ब्युमिनने भरून टाकतात. काही ठिकाणी यासाठी दुधाची पावडर वापरतात. पण दुसरे प्रतिपिंड बायोटिन लावलेले असेल तर ती नकोच, कारण दुधात स्वतःचे बायोटिन असते आणि ते स्ट्रेप्टाव्हिडिनला अडवते. मग क्रमाने नमुना, दुसरे प्रतिपिंड, विकर जोडलेले स्ट्रेप्टाव्हिडिन आणि शेवटी टीएमबी हे रंगद्रव्य घालतात. निळा रंग चढतो. सल्फ्युरिक आम्लाने क्रिया थांबवली की तो पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरला त्याचे शोषण, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतला ओडी, वाचतात. विकर हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज असेल तर बफरमध्ये सोडियम अझाइड कटाक्षाने टाळावे. ते या विकराला निकामी करते.

या पायऱ्यांच्या मध्ये प्लेट धुतली जाते, आणि चाचणी बहुधा इथेच बिघडते. धुण्याचे द्रावण म्हणजे फॉस्फेट बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२०. दर वेळी खळग्यात ३०० मायक्रोलीटर भरून काढून टाकायचे, असे निदान तीनदा. यात किती भरले यापेक्षा किती मागे राहिले ते महत्त्वाचे. काढल्यावर ५ मायक्रोलीटर उरत असतील, तर प्रत्येक धुण्याने मोकळे विकर सुमारे ६० पट विरळ होते आणि तीन धुण्यांत दोन लाख पटींहून अधिक. तेच ३० मायक्रोलीटर उरू लागले, तर प्रत्येक वेळी जेमतेम ११ पट आणि तिन्ही मिळून १,३३१ पटच. तीनदा धुतल्याची नोंद दोन्हीकडे सारखीच दिसते. म्हणून शेवटच्या धुण्यानंतर प्लेट उलटी करून टिपकागदावर जोराने आपटतात. प्रत्येक भरण्यानंतर अर्धा मिनिट थांबल्यास सैल चिकटलेले रेणूही सुटतात. मात्र प्लेट कोरडी पडू द्यायची नाही, पुढचे द्रावण लगेच घालायचे.

दोष कुठे आहे ते प्लेट स्वतःच सांगते. आठ नळ्यांच्या वॉशरमधली एक शोषनळी तुंबली, तर तिच्या वाट्याची संपूर्ण आडवी रांग गडद येते. फक्त कडेचे खळगे वेगळे आले, तर बाष्पीभवन किंवा असमान तापमानाचा संशय घ्यावा. प्रथिन मुळीच न घातलेले खळगेही सगळे रंगले, तर धुणे अपुरे आहे किंवा मोकळ्या जागा नीट भरलेल्या नाहीत.

ओडीवरून प्रथिनाचे प्रमाण काढण्यासाठी त्याच प्लेटवर ज्ञात प्रमाणाची स्टँडर्ड द्रावणे लावतात : १००० पिकोग्रॅमपासून निम्मे निम्मे करत १५.६ पर्यंत, आणि एक शून्य. हे बिंदू सरळ रेषेत येत नाहीत. प्रमाणाचा अक्ष लॉगॅरिदमचा घेतला, की तळाशी सपाट, मधे चढती आणि वर पुन्हा सपाट अशी एस आकाराची रेघ दिसते. चार घटकांचे लॉजिस्टिक समीकरण हा आकार नेमका पकडते :

```
y = d + (a - d) / (1 + (x/c)^b)
x = c * ((a - d)/(y - d) - 1)^(1/b)
```

इथे `y` म्हणजे ओडी आणि `x` म्हणजे प्रमाण. `a` ही शून्य प्रमाणाची पातळी, `d` ही वरची कमाल पातळी, `c` हे त्या दोन्हींच्या बरोबर मध्यावरचे प्रमाण आणि `b` हा चढ. समजा, संगणकाने `a` ०.०६, `d` ३.०६, `c` २०० आणि `b` १.२ दिले. दुप्पट पातळ केलेल्या एका नमुन्याचा ओडी ०.८१ आला. दुसऱ्या समीकरणात कंसातले उत्तर ०.३३३ येते, त्याचा घात काढून २०० ने गुणल्यावर ८० पिकोग्रॅम. मूळ नमुन्यात मग मिलिलीटरला १६० पिकोग्रॅम.

आता धुण्यातली ढिलाई याच वक्रावर ठेवून पाहावी. एखाद्या खळग्यात ओडी ०.०५ ने वाढला, तर मधल्या भागात ८० चे ८६ होतात. तळाशी १५.६ चे जवळपास २१ होतात, म्हणजे तिसऱ्या भागाची चूक. वरच्या टोकाकडे २.६० चे २.६५ झाले, तर उत्तर ८३१ वरून ९२९ वर जाते. तीच चूक वक्राच्या दोन्ही टोकांशी अधिक महाग पडते. सगळ्या खळग्यांत ती सारखीच असती, तर `a` ने बरीचशी सामावून घेतली असती. खरा त्रास असमान धुण्याचा आहे.

वक्र चांगला बसला की नाही, हे आर-वर्गाच्या ०.९९ वरून ठरवू नये. मोठ्या ओडींत चढउतारही मोठे असतात आणि भार न देता बसवलेला वक्र त्यांच्याच मागे जातो, तळाचे बिंदू दुर्लक्षित राहतात. यासाठी प्रत्येक बिंदूला ओडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात भार देतात. मग प्रत्येक स्टँडर्ड वक्रावरून उलट मोजून पाहतात. ते मूळ आकड्याच्या ८० ते १२० टक्क्यांत आले, तेवढाच पट्टा भरवशाचा धरावा.

रुग्णाचा नमुना दोन-चार पटींनी पातळ करून लावल्यावर, गुणून येणारी उत्तरे एकमेकांशी जुळायला हवीत. न जुळल्यास नमुन्यातले दुसरे काही आड येत असते. रुमेटॉइड फॅक्टरसारखे घटक दोन्ही प्रतिपिंडांना प्रथिनाविनाच जोडून खोटा रंग देऊ शकतात. आणि वरच्या स्टँडर्डपलीकडचा ओडी आला, तर वक्र पुढे ओढून आकडा काढू नये. नमुना अधिक पातळ करून चाचणी पुन्हा लावावी.