बारा चाळीस चुकल्यावर

मुंबईत रात्रीच्या पाळीला राबणाऱ्यांचं घड्याळ लोकलवर चालतं. गोवंडीकरांसाठी त्या घड्याळातली शेवटची वेळ म्हणजे बारा चाळीस. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पनवेलला जाणारी हार्बरची शेवटची गाडी त्यांच्या बोलण्यात याच नावानं येते. ‘बारा चाळीस मिळाली का?’ एवढंच विचारलं जातं.

फलाट एक आणि दोन हार्बरचे. साडेबारा वाजले की तिथं माणसं पळत येऊ लागतात. बुटाची लेस सुटलेली, शर्टाला फोडणीचा वास, हातात डब्याची पिशवी. पळणाऱ्यांत फोर्टातल्या हॉटेलांचे कामगार बरेच दिसतात, कारण साधं आहे. मुंबईत मद्य देणाऱ्या उपाहारगृहांना आणि बारना रात्री दीडपर्यंत परवानगी असते. गिऱ्हाईक उठल्यावर भांडी, भट्टी, फरशी. म्हणजे परवान्याची वेळच शेवटच्या गाडीनंतर पन्नास मिनिटांनी संपते.

त्यातलाच एक मोरीवरचा कामगार, गोवंडीच्या बैंगनवाडीत राहणारा, वय पंचविशीच्या आतबाहेर. गाडीचे मागचे दिवे मशिदच्या दिशेनं गेले तेव्हा तो इंडिकेटरखाली उभा होता. हाताची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली, अंगाला साबणाचा आणि तळणाच्या तेलाचा मिसळलेला वास. धापा टाकत त्यानं पहिला हिशेब सांगितला तो पैशांचा. ‘दिवसाचे सहाशे मिळतात. टॅक्सीनं गेलो तर आज फुकटच राबलो.’

त्याचा हिशेब मीटरवर पडताळता येतो. फेब्रुवारी २०२५पासून काळ्यापिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे पडतात. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्यावर पंचवीस टक्के चढतात. स्थानकाबाहेरून पी. डि’मेलो रोड, तिथून ईस्टर्न फ्री वे आणि पांजरापोळला उतरून गोवंडी, असं अंतर साधारण १८ किलोमीटर धरलं तर दिवसाचं भाडं ३७२ आणि रात्रीचं ४६५ रुपये होतं. रस्ता मोकळा असल्यानं अर्ध्या तासात माणूस घरी. हेच अंतर लोकलनं दहा रुपयांत कापलं जातं. सहाशेतले चारशे पासष्ट गेले की उरले एकशे पस्तीस.

म्हणून एकट्यानं टॅक्सी करायची नाही, सोबती शोधायचे. त्याच गाडीला चुकलेले चेंबूर, गोवंडी, मानखुर्दचे चौघे जमले तर माणशी सव्वाशेच्या आत भागतं. जमवाजमव स्थानकाबाहेर पहिल्या दहा मिनिटांत झाली तर झाली. पांगापांग झाल्यावर चौथा माणूस मिळणं कठीण. मीटरनं जायचं की ठरवून, हे आधी बोलून घ्यावं लागतं. अॅपवरच्या गाडीचं भाडं मागणीनुसार वाढतं आणि या वेळी मागणी असतेच.

आणि रिक्षा? ती इथं मिळतच नाही. दक्षिण मुंबईत रिक्षाला मनाई आहे, पूर्वेला शीव आणि पश्चिमेला माहीम ओलांडल्यावरच ती दिसते. शेवटची गाडी चुकलेल्या गरीब माणसाला सगळ्यात जास्त नडतो तो हा नियम. रिक्षा परवडते, पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं, हा त्याचा रात्रीचा प्रश्न.

जाणत्यांकडे त्याचं एक उत्तर आहे. मध्य आणि हार्बर मार्ग निजले तरी पश्चिम रेल्वे थोडी उशिरापर्यंत जागी असते. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची गाडी रात्री एकला सुटते. बारा चाळीस डोळ्यांदेखत गेली की फलाटावर हळहळत बसायचं नाही. सबवेतून बाहेर पडून हुतात्मा चौकाच्या दिशेनं झपाझप चालायचं. वीस मिनिटं हातात असतात आणि चालायलाही जवळपास तेवढीच लागतात. रेंगाळलं तर दोन्ही गाड्या गेल्या. गाडी मिळाली तर वांद्र्याला उतरायचं, पूर्वेला यायचं. बीकेसी, कुर्ला, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता असं करत गोवंडी १२ किलोमीटर धरलं, तर रिक्षाचं रात्रीचं भाडं २६० रुपयांच्या आत येतं. तिघे असले तर नव्वदही पडत नाहीत. बाईमाणसाला मात्र हा मार्ग सुचवताना जीभ अडखळते. लोकलच्या महिला डब्यात रात्री पोलीस असतो, दीड वाजता अनोळखी रिक्षात कोणी नसतं.

मेट्रोचा उपयोग नाही. भुयारी मेट्रो ३ची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराला सुटते. बेस्टनं २०२२मध्ये काही मार्गांवर मध्यरात्रीनंतरच्या बस सुरू केल्या, पण दोन फेऱ्यांमधलं अंतर मोठं, आणि शीवला उतरलं तरी पुढे गोवंडीपर्यंत रिक्षा आलीच.

उरतो तो थांबण्याचा मार्ग. पहिली पनवेल साडेचारच्या सुमाराला. प्रतीक्षालय लांबच्या गाड्यांच्या प्रवाशांसाठी असतं. दहा रुपयांचं फलाट तिकीट दोन तास चालतं, त्यात रात्र सरत नाही. मोरीवरच्या त्या पोरानं हेच निवडलं होतं. पिशवी उशाला, चपला पिशवीत, भिंतीकडे तोंड. पोलिसानं उठवलं की बाहेर, तो पुढे गेला की पुन्हा आत. ‘सहा वाजता डोळा लागेल, बाराला परत यायचंय,’ तो म्हणाला. चारशे पासष्ट रुपये वाचले, झोप गेली. या सौद्यात रोज कोणी ना कोणी सापडतो आणि त्याची नोंद कुठंच होत नाही.

मग रात्रभर गाडीच का नको? ही मागणी जुनी आहे आणि रेल्वेची अडचणही खरी आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर चार रूळ आहेत, हार्बरला दोनच, एक जाणारा आणि एक येणारा. रूळ, खडी, सिग्नल, डोक्यावरची २५ हजार व्होल्टची तार, हे सगळं तपासायला वीज बंद करून रूळ रिकामा मिळावा लागतो. तो मिळतो फक्त या तीन-साडेतीन तासांत. ती कामं राहिली की रविवारचा मेगाब्लॉक वाढतो आणि सकाळी गाडी मध्येच थांबते. हार्बरवर रात्रभर लोकल मागणं म्हणजे दिवसाची लोकल धोक्यात घालणं.

पण म्हणून सरकारची सुटका होत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये राज्यानं मद्यविक्रीची ठिकाणं वगळून दुकानं आणि उपाहारगृहं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली. कामाचे तास वाढवणारा आदेश निघाला, तसा ते काम संपवून बैंगनवाडीला परतणाऱ्या माणसासाठीही निघायला हवा होता. रुळांना विश्रांती हवी, रस्त्याला ती लागत नाही. फ्री वे २०१३पासून आहे, रात्री तो ओस असतो आणि थेट गोवंडीच्या दारात उतरतो. बेस्टचं आगार देवनारलाच आहे. टर्मिनसच्या दारातून रात्री एकला एक आणि हॉटेलं बंद झाल्यावर दोनला एक, अशा दोन बस फ्री वेनं चेंबूर, गोवंडी, मानखुर्दला सोडाव्यात. त्यासाठी नवा रूळ लागत नाही, नवा पूलही लागत नाही. बेस्टनं आणि महापालिकेनं हे करावं.