बाटलीच्या पाठीवरचा हिशोब

एसटी स्टँडवर, लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात आपण ‘मिनरल वॉटर’ मागतो तेव्हा हातात येते ती बहुतेक वेळा वेगळीच वस्तू असते. लेबल फिरवून बघितलं, की ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असं छापलेलं सापडतं. अंबरनाथच्या कारखान्यात भरलं जाणारं रेल नीर याच प्रकारातलं. यात फसवणूक काहीच नाही, कारण कंपनीने खरं तेच लिहिलेलं असतं. आपणच ते वाचत नाही.

भारतात या दोन पाण्यांची मानकं वेगळी आहेत. पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटरचं आयएस १४५४३, नॅचरल मिनरल वॉटरचं आयएस १३४२८. ऑक्टोबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने आयएसआय चिन्हाची सक्ती काढली, त्यामुळे केवळ चिन्हावर किंवा या मानक क्रमांकांवर विसंबू नये. आधी पाण्याचा प्रकार वाचावा आणि लगेच पत्ता बघावा. मिनरल वॉटरच्या लेबलवर झऱ्याचं किंवा उगमाचं नाव-गाव असावं लागतं, कारण ते पाणी उगमाजवळच भरायचं असतं आणि त्यातल्या क्षारांना हात लावायचा नसतो. गाळणं चालतं, क्षार काढणं किंवा घालणं चालत नाही. दुसऱ्या प्रकारात असतो तो कारखान्याचा पत्ता. पाणी बोअरचं असेल किंवा नळाचं. ते गाळून, कार्बनमधून नेऊन, बहुतेक ठिकाणी आरओच्या पडद्यातून काढतात. तिथे त्यातले जवळजवळ सगळे क्षार निघून जातात, आणि मग मोजूनमापून थोडे परत घातले जातात. शेवटी ओझोन देऊन बाटली सील होते. हे पाणी पिण्याला उत्तम असू शकतं, पण त्याची चव आणि त्यातले क्षार कारखान्यात ठरलेले असतात.

आता आकड्यांकडे येऊ. लेबलवर सगळ्यांची नजर जाते ती टीडीएसवर, म्हणजे विरघळलेल्या एकूण घनपदार्थांवर. मिनरल वॉटरसाठी मानकात लिटरला १५० ते ७०० मिलिग्रॅम अशी चौकट आहे, तर पॅकेज्ड पाण्याची वरची मर्यादा ५०० आहे. दोन्ही चौकटी एकमेकींत इतक्या शिरलेल्या आहेत, की टीडीएस १५० ते ५०० च्या मध्ये असेल तर नुसत्या त्या आकड्यावरून बाटली कुठल्या प्रकारची हे कुणालाच ओळखता येणार नाही. ओळख पटते ती लेबलवर दिलेल्या क्षारांच्या तक्त्यावरून.

तक्ता कसा वाचायचा, हे दाखवायला मी एव्हियॉंची बाटली घेतो. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या एव्हियॉं-ले-बॅंमधलं हे झऱ्याचं पाणी. त्याचं पृथक्करण वर्षानुवर्षं लेबलवर छापलं जातं आणि ते चांगलं तपशीलवार आहे. लिटरला कॅल्शियम ८० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम २६, सोडियम ६.५, पोटॅशियम १, सिलिका १५, बायकार्बोनेट ३६०, सल्फेट १४, क्लोराइड १०, नायट्रेट ३.८. ही सगळी बेरीज केली तर ५१६ येते. आणि त्याच लेबलवर १८० अंशांना पाणी आटवून उरलेला कोरडा अंश लिहिलेला असतो ३४५! पहिल्यांदा बेरीज करणाऱ्याला इथे छापताना चूक झाली असं वाटतं.

चूक नाही. पाणी आटवताना बायकार्बोनेट तसंच राहत नाही. त्यातला काही भाग कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन उडून जातो आणि मागे कार्बोनेट उरतं. वजनाने बघितलं तर निम्म्याहून किंचित कमी. म्हणजे ३६० चे साधारण १७७ उरले, १८३ हवेत गेले. ५१६ मधून १८३ वजा करा, ३३३ येतात. ३४५ च्या इतकं जवळ, की उरलेला फरक स्फटिकांत अडकून राहिलेल्या थोड्याशा पाण्याने आणि बहुतेक आकडे पूर्णांकात छापल्याने समजून घेता येतो. हा हिशोब जुळला की मला त्या लेबलवर भरवसा वाटतो. तक्ता एकाच पाण्याच्या एकाच तपासणीतून आलेला आहे, असं तो स्वतःच सांगतो.

हे घरीही दिसतं. असं लिटरभर पाणी काचेच्या भांड्यात मंद आचेवर आटवलं की तळाशी पांढरट थर धरतो. त्यावर साधं व्हिनेगर टाकलं की बारीक बुडबुडे येतात. ते कार्बोनेट. पातेल्याला आणि गीझरच्या कॉइलला धरणारा थर तो हाच.

पॅकेज्ड पाण्याच्या लेबलवर क्षारांचा हिशोब वेगळा लागतो. तिथे अनेकदा कुठला क्षार घातला हेच लिहिलेलं असतं, जसं मॅग्नेशियम सल्फेट. या क्षारात मॅग्नेशियमच्या एका भागामागे सल्फेटचे चार भाग येतात. म्हणजे मॅग्नेशियम ५ मिलिग्रॅमने वाढवायचं तर सल्फेट २० ने वाढणारच. एव्हियॉंमध्ये २६ मॅग्नेशियमला सल्फेट फक्त १४ आहे. सगळं मॅग्नेशियम सल्फेटमधून आलं असतं तर ते १०४ असायला हवं होतं. तिथे मॅग्नेशियमचा जोडीदार बायकार्बोनेट आहे, खडकातून झिरपताना मिळालेला. म्हणून मी तक्त्यात बायकार्बोनेट शोधतो. मिनरल वॉटरच्या मानकात ते ७५ ते ४०० च्या दरम्यान असावं लागतं. मात्र यावरून लगेच निकाल देऊ नये. जिप्समच्या थरांतून येणाऱ्या अस्सल झऱ्यातही सल्फेट भरपूर असतं, आणि काही कारखाने पोटॅशियम बायकार्बोनेट घालतात.

खिशातल्या टीडीएस मीटरबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण घरी फिल्टर विकायला येणारे लोक त्याच्या आकड्याने बायाबापड्यांना घाबरवतात. तो मीटर घनपदार्थ मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि एका गुणकाने गुणून टीडीएस दाखवतो. गुणक कुणाचा ०.५, कुणाचा ०.७. विद्युतवाहकता ६०० मायक्रोसीमेन्स असलेल्या एकाच पाण्याला एक मीटर ३०० म्हणेल, दुसरा ४२०. एव्हियॉंमधली १५ मिलिग्रॅम सिलिका तर त्याला जवळजवळ दिसतच नाही, कारण ती वीज वाहून नेत नाही. आणि जे खरोखर घातक, ते तर या मापाच्या पलीकडचं. आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती दहापट ओलांडली तरी २०० चा टीडीएस २०० च राहील. जंतूंचं तर बोलायलाच नको. टीडीएस ९० आहे म्हणून पाणी शुद्ध, असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आहारासाठी या क्षारांचा उपयोग किती, तेही आकड्यांतच तपासावं. एका लिटरमधलं ८० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे साधारण ६५ मिलिलिटर दुधाइतकं. प्रौढ माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅमची. क्षारांसाठी महागडं पाणी घ्यायचं कारण यातून निघत नाही. चवीसाठी घ्यायचं असेल तर खुशाल घ्यावं, ती चव बायकार्बोनेट आणि कॅल्शियमचीच असते. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, त्यांनी मात्र टीडीएस सोडून सोडियमची ओळ वाचावी. मिनरल वॉटरच्या मानकात सोडियम १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि सारखाच टीडीएस असलेल्या दोन बाटल्यांत ते ६ ही असू शकतं आणि १०० च्या वरही.

ज्या लेबलवर तक्ताच नाही, नुसतं ‘मिनरल्स घातलेले’ एवढंच आहे, तिथे हा कुठलाच हिशोब करता येत नाही. अशा बाटलीत मी सील, भरल्याची तारीख आणि कारखान्याचा परवाना क्रमांक बघतो. आणि लग्नाच्या हॉलमधल्या थंड पाण्याच्या जारवर बहुतेकदा हेही नसतं. तिथे टीडीएस विचारण्याआधी पाणी कुठल्या प्लांटमधून आलं, ते विचारावं.