पहिल्या पाठाचं टाचण

बी.एड.च्या आंतरवासितेतलं पहिलं टाचण बहुधा एका तासिकेत मावत नाही. समजा, पाचवीला अपूर्णांकांची तुलना शिकवायची आहे. उद्दिष्ट एकच लिहावं: १/२ आणि १/३ यांतला मोठा कोणता, हे विद्यार्थी घडी घालून दाखवतो. नुसतं ‘समजतो’ लिहिलं तर तपासणार काय? तीन मोठे म्हणून १/३ मोठा, असं बरीच मुलं म्हणतात; हे उत्तर टाचणात आधीच नोंदवावं. कागदी पट्ट्या सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर तुलनाच फसते. सूचना पट्ट्या वाटण्याआधी द्यावी, कारण पट्टी हातात आली की कुणी ऐकत नाही! शेवटची पाच मिनिटं घडीशिवाय १/४ आणि १/६ साठी राखावीत. तिथे मुलं अडली, तर पुढचा पाठ रेटू नका.