प्रूफ उद्यावर गेलं, हे कुणाला कसं सांगायचं?

पुण्यातल्या एखाद्या छोट्या डिझाइन ऑफिसची कल्पना करा. दुपारचे चार वाजलेत आणि बिल्डरच्या ब्रोशरचं प्रूफ आज जाणार नाही हे स्पष्ट झालंय, कारण सॅम्पल फ्लॅटचे तीन फोटो अजून आलेले नाहीत. डिझायनर लगेच छपाई बघणाऱ्या सहकाऱ्याला व्हॉट्सॲप करते: ‘अरे, फोटो नाही आले अजून. प्रूफ उद्यावर गेलं. प्रेसवाल्यांना सांगून ठेवशील?’

मेसेज झकास आहे. आता हीच बातमी सरांना आणि बिल्डरलाही द्यायची आहे. ‘अरे’च्या जागी ‘सर’ घातलं, ‘ठेवशील’चं ‘ठेवाल’ केलं, की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं.

पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेविन्सन या भाषाशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये सौजन्याच्या भाषेबद्दल एक मांडणी केली. त्यांच्या अभ्यासात इंग्रजीबरोबर तमिळही होती. माणूस किती अदबीनं बोलेल, हे त्यांच्या मते तीन गोष्टींवर ठरतं: समोरच्याचा अधिकार किती, दोघांमधलं अंतर किती, आणि आपण जे मागतोय किंवा सांगतोय त्याचा भार किती. ऑफिसात नेमकी गल्लत होते ती पहिल्या दोन गोष्टींत. सरांकडे अधिकार आहे, पण ते रोज भेटतात, कामही त्यांना ठाऊक असतं. क्लायंट दुरचा, आतलं काहीच त्याला माहीत नसतं. म्हणून दोघांना एकच ‘अदबीचा’ मेसेज चालत नाही.

सरांना असं लिहिता येईल: ‘सर, ब्रोशरचं प्रूफ आज जाणार नाही, उद्या दुपारी बारापर्यंत जाईल. सॅम्पल फ्लॅटचे तीन फोटो यायचेत. क्लायंटला मी कळवू का?’ इथे ‘कृपया’ नाही, ‘विनंती’ नाही. मान ‘सर’मध्ये आणि शेवटच्या प्रश्नात आहे; निर्णय त्यांच्या हातात ठेवलाय. सहकाऱ्याच्या मेसेजमध्ये कारण आधी होतं, इथे परिणाम आधी आलाय, कारण सरांना पहिल्यांदा तेच हवं असतं.

बिल्डरला: ‘नमस्कार. ब्रोशरचे प्रूफ आज संध्याकाळऐवजी उद्या दुपारी 12 वाजेपर्यंत पाठवत आहोत. सॅम्पल फ्लॅटचे तीन फोटो अद्याप मिळालेले नाहीत. ते आज सहापर्यंत पाठवू शकाल का?’ चूक खरं तर बिल्डरच्या ऑफिसची आहे. पण ‘तुम्ही फोटो पाठवले नाहीत’ हा आरोप होतो, तर ‘मिळालेले नाहीत’ ही माहिती राहते. ‘ब्रोशरचं’ जाऊन ‘ब्रोशरचे’ आलं, तेही सहज नाही. शब्दाअंती अनुस्वार म्हणजे बोलणं, मात्रा म्हणजे लेखी मराठी. कुठलंही एक चालतं. एकाच मेसेजात दोन्ही आली, की अर्धा मजकूर दुसरीकडून उचलल्यासारखा दिसतो.

क्लायंटला आणखी मान द्यावा म्हणून ‘आपण’ वापरणारे मात्र सहज फसतात. ‘आपल्याकडून उशीर झाला’ म्हणजे कुणाकडून? ‘आपण’मध्ये समोरचा माणूस येतो, तसे सगळे मिळूनही येतात. ‘आपण उद्या भेटाल’ आणि ‘आपण उद्या भेटू’ यांत क्रियापद उलगडा करतं. ‘आपण फोटो पाठवले नाहीत’ यात ते गप्प बसतं. जबाबदारी किंवा पैशांचा विषय असेल, तर ‘आमच्याकडून’ आणि ‘तुमच्याकडून’ हेच शब्द बरे. ‘तुम्ही’नं मान कमी होत नाही.

अदब जास्त झाली तरी बिघडतं. रोज ‘तू’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला एकाएकी ‘कृपया प्रेसला कळवावे’ असं गेलं, तर तो फोन करून विचारतो, ‘काय गं, चिडलीस का?’ आणि सरांना ‘आपणांस विनम्र विनंती’ लिहिलं, तर त्यांना मेसेज नव्हे, अर्ज आल्यासारखं वाटतं. चुकलं की नाही, ते उत्तरातून कळतं. समोरचा आपल्यापेक्षा मोकळं लिहीत असेल, तर पुढच्या वेळी एक पायरी सैल सोडायला हरकत नाही. तो जास्त अदबीनं लिहीत असेल, तर आपणही सावरून लिहावं.

तिघंही एकाच ग्रुपवर असतील, तर ज्याच्याशी अंतर सर्वांत जास्त, त्याला शोभेल तो मेसेज टाकावा, म्हणजे इथे बिल्डरला लिहिलेला. सहकाऱ्याला ‘अरे’ म्हणायचं असेल, तर ते ग्रुपबाहेर.