बारा लाख पंच्याऐंशी हजारांचा कर, सात स्लाइडमध्ये

२०२५च्या अर्थसंकल्पानंतर ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य घरोघरी पोहोचले. त्यामागून करसल्लागारांकडे एक प्रश्न आला: ‘माझा पगार बारा लाख पंच्याऐंशी हजार आहे. म्हणजे आता सगळ्या पगारावर कर भरायचा?’ इन्स्टाग्रामवरच्या कॅरोसेलमध्ये, म्हणजे बोटाने एकेक चित्र सरकवत वाचायच्या पोस्टमध्ये, हा प्रश्न छान सोडवता येतो. हा हिशोब मुळातच पायऱ्यापायऱ्यांचा आहे आणि एका पायरीला एक स्लाइड पुरते.

पहिल्या स्लाइडवर फक्त प्रश्न असावा: ‘पगार १२,८५,०००. कर किती?’ सल्लागाराचे नाव आणि पदव्या शेवटी घ्याव्यात, कारण वाचणारा थांबतो तो स्वतःच्या पगाराचा आकडा दिसला म्हणून. दुसऱ्या स्लाइडवर पगारदारांना मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट. ती वजा केली की करपात्र उत्पन्न उरते १२,१०,०००. तिसरीवर नियम: करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असते, तर कर शून्य झाला असता. इथे दहा हजार जास्त आहेत. चौथीवर टप्प्यांप्रमाणे येणारा कर. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,००० आणि वरच्या दहा हजारांवर १५ टक्के म्हणजे १,५००. एकूण ६१,५००.

या आकड्यापाशी वाचक दचकतो. दहा हजार जास्त मिळवले आणि कर साडेएकसष्ट हजार? त्याच्या मनात हा प्रश्न उभा राहू द्यावा आणि उत्तर पाचव्या स्लाइडवर द्यावे: बारा लाखांच्या वर जितकी रक्कम आहे, त्याहून जास्त कर कायदा घेत नाही. म्हणून कर १०,०००. यालाच मार्जिनल रिलीफ म्हणतात. पण हे नाव समजावल्यानंतर यावे, आधी आले तर वाचक तिथेच सोडून जातो. सहाव्या स्लाइडवर ४ टक्के उपकराचे ४०० मिळवून अंतिम उत्तर येते, १०,४००. सातवीवर मर्यादा सांगायची: करपात्र उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांच्या वर गेले की हा दिलासा संपतो आणि टप्प्यांप्रमाणेच कर लागतो.

चौथ्या आणि पाचव्या स्लाइडचा मजकूर एकत्र करायचा मोह होतो. तसे केले की ६१,५०० आणि १०,००० हे दोन आकडे शेजारी येतात आणि खरा कोणता, हे घाईत पाहणाऱ्याला कळत नाही. वाक्यात ‘आणि शिवाय’ लिहावेसे वाटले, तर तिथे नवी स्लाइड सुरू करावी. भांडवली नफ्याचा विषयही या पोस्टमध्ये घालू नये. शेअर विकून झालेल्या, विशेष दराने कर लागणाऱ्या नफ्याला बारा लाखांची ही सवलत लागू नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणूनच तिला वेगळी पोस्ट द्यावी. इथे ‘हे उदाहरण फक्त पगाराचे’ एवढी ओळ हवी.

एका स्लाइडवर एकच गोष्ट ठेवण्यात मोठा धोका आहे. लोक पूर्ण पोस्ट पुढे पाठवतातच असे नाही. तिसऱ्या स्लाइडचा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि जुनी करप्रणाली निवडलेले काका निर्धास्त होतात. त्यामुळे प्रत्येक स्लाइड एकटी वाचली तरी खरी ठरली पाहिजे. ‘नवी करप्रणाली, आर्थिक वर्ष २०२५-२६, फक्त पगार’ ही पट्टी सातही स्लाइडच्या तळाशी हवी.

मांडणीत वाचनीयता पहिली. चित्र १०८० बाय १३५० पिक्सेलचे घ्यावे. फोनवर ते साधारण तिपटीने लहान दिसते, म्हणून ४८ पिक्सेलपेक्षा बारीक मजकूर नको, पट्टीसुद्धा नाही. मुक्तासारखा स्वच्छ देवनागरी फाँट घ्यावा आणि ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. चालू रक्कम प्रत्येक स्लाइडवर त्याच जागी, त्याच रंगात ठेवली की १२,८५,००० पासून १०,४०० पर्यंतचा प्रवास नजर आपोआप पकडते.

पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर तिच्याखालचा मजकूर दुरुस्त करता येतो, चित्रातला आकडा नाही. म्हणून पोस्ट टाकण्याआधी कर न कळणाऱ्या एखाद्या माणसाला तिसरी स्लाइड एकटीच दाखवा आणि त्याला काय समजले ते विचारा. कलमांचे क्रमांक मात्र चित्रांत घालू नका, ते खालच्या मजकुरात लिहा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या प्राप्तिकर कायद्याची जागा २०२५चा नवा कायदा घेतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत.