साठ दिवसांपूर्वी उत्तम

खाऊच्या पाकिटावरचं इंग्रजी वाक्य शब्दाला शब्द ठेवून तेलुगूत नेलं, की कधी कधी असा मजकूर तयार होतो: ‘तयारी तेदी नुंडि 60 रोजुल मुंदु उत्तमम्.’ तेलुगूत ‘मुंदु’ म्हणजे आधी, पूर्वी. इंग्रजीतल्या ‘बेस्ट बिफोर’मधला ‘बिफोर’ तिथे तसाच जाऊन बसतो आणि वाचणाऱ्याला कळतं ते एवढंच, की हा पदार्थ साठ दिवसांपूर्वी उत्तम होता. मराठीतही ‘60 दिवसांपूर्वी सर्वोत्तम’ असं लिहिलं तर हीच गंमत होते. तेलुगू घरात कुणी असं बोलत नाही. तिथे शब्द आहे ‘लोपु’, म्हणजे आत. ‘60 रोजुल लोपु तिनंडि’, साठ दिवसांच्या आत खा. मराठी कानाला ‘लोपु’ म्हटलं की लोप पावणं आठवेल, पण इथे त्याचा काही संबंध नाही.

अशा पाकिटाचा मजकूर कसा तयार होतो, हे एका उदाहरणातून पाहू. समजा, गोदावरीकाठच्या एखाद्या गावातला महिलांचा बचत गट जंतिकलु करतो. जंतिकलु म्हणजे आपल्या चकलीची बहीण, तीही सोऱ्यातूनच पडते. तेलंगणात तिलाच मुरुकुलु म्हणतात. एका घाण्याला 1 किलो तांदळाचं पीठ, 250 ग्रॅम बेसन, 50 ग्रॅम लोणी, 30 ग्रॅम तीळ, 25 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम तिखट, 10 ग्रॅम ओवा आणि 5 ग्रॅम हिंग. तळायला शेंगदाण्याचं तेल.

नियम असा, की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. पाककृतीच्या कागदावर तेल बहुधा शेवटी येतं, ‘तळण्यासाठी’ म्हणून, आणि पाकिटावरही ते शेवटी जाऊन बसतं. गटातल्या बायकांनी कढईत 3 किलो तेल घातलं आणि तळण झाल्यावर 2 किलो 600 ग्रॅम परत मोजून घेतलं, तर 400 ग्रॅम जंतिकलुत गेलं. म्हणजे तेल बेसनाच्याही वर, दुसऱ्या क्रमांकावर. पीठ भिजवायला घातलेलं पाणी तळताना उडून जातं, त्याची नोंद लागत नाही. मग ओळ अशी होते: बिय्यपु पिंडि, वेरुशनग नूने, शनगपिंडि, वेन्न, नुव्वुलु, उप्पु, कारम्, वामु, इंगुव.

ही ओळ मराठी डोळ्यांनी वाचताना दोन ठिकाणी ठेच लागते. ‘कारम्’ वाचून खारट वाटतं, पण ते तिखट. मीठ म्हणजे ‘उप्पु’. हा घोटाळा आपला, त्यांचा नाही.

खरा पेच तेलुगूभाषकांपुढेही असतो तो ‘शनग’ या शब्दाचा. शनग म्हणजे हरभरा आणि शनगपिंडि म्हणजे बेसन. शेंगदाणा हा ‘वेरुशनग’, म्हणजे मुळाशी लागणारा हरभरा. बोलताना मात्र पुढचं ‘वेरु’ गळून पडतं आणि शेंगदाण्याचं तेल नुसतं ‘शनग नूने’ होतं. हरभऱ्याचं तेल कुणी काढत नाही, त्यामुळे दुकानात गोंधळ होत नाही. पण पाकिटावर एकाच ओळीत ‘शनग नूने’ आणि ‘शनगपिंडि’ आले, तर पहिल्या शब्दातला शनग शेंगदाणा आणि दुसऱ्यातला हरभरा. ज्याला शेंगदाणा चालत नाही, त्याने काय समजायचं? त्यात तेलंगणात शेंगदाण्याला रोजचा शब्द आहे ‘पल्लीलु’. म्हणून जाणता लिहिणारा ‘वेरुशनग (पल्लीलु)’ असं दोन्ही देतो. जागा जास्त लागते, पण ती दिली पाहिजे असं मला वाटतं.

हिंगाचा धडा याहून वेगळा. बाजारातलं बांधणीचं हिंग शुद्ध नसतं. त्यात डिंक असतो आणि पुष्कळदा गव्हाचं पीठ. जवळपास 1,800 ग्रॅमच्या घाण्यात 5 ग्रॅम हिंग ते काय, म्हणून ते दुर्लक्षिलं जातं. पण ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, शेंगदाणा, सोयाबीन अशी ॲलर्जीकारक पदार्थांची यादी 2020च्या लेबलविषयक नियमांत आहे आणि त्यातलं काही असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. तांदळाचा पदार्थ म्हणून गव्हापासून दूर राहणारा माणूस निर्धास्तपणे जंतिकलु विकत घेईल, हे लक्षात घेऊन हिंगाच्या डबीवरचे घटक आधी वाचायचे आणि मग लिहायचं: ‘इंदुलो गोधुम, पालु, वेरुशनग उन्नायि.’ यात गहू, दूध, शेंगदाणा आहेत. दूध लोण्यामुळे आलं.

साठवणीच्या सूचनेत नेहमीचं वाक्य ‘चल्लनि, पोडि प्रदेशम्‌लो निल्व उंचंडि’, थंड, कोरड्या जागी ठेवा. ‘पोडि’ म्हणजे कोरडं, आणि पोडि म्हणजे भाताबरोबर खायची पूडचटणीसुद्धा. संदर्भाने अर्थ लागतो, तरी वाक्य सरकारी वाटतं. शिवाय चकलीच्या जातीच्या पदार्थाला पहिला धोका हवेतल्या ओलाव्याचा. आधी ती मऊ पडते, मग तेल खवट होतं. म्हणून ‘करकरलाडालंटे गालि चोरबडनि डब्बालो उंचंडि’ हे वाक्य मला जास्त पटतं: कुरकुरीत राहायला हवं असेल तर हवा न शिरणाऱ्या डब्यात ठेवा. काय करायचं आणि कशासाठी, दोन्ही त्यात आहे.

मुदतीचे शब्द निवडताना थोडं जपावं लागतं. वर्तमानपत्रांत मुदत संपलेल्या औषधांना ‘कालम् चेल्लिन’ म्हणतात आणि कुणी वारलं की आदराने ‘कालम् चेशारु’ म्हणतात. खाऊच्या पाकिटावर तो सूर नको. तिथे ‘गडुवु तेदी’, म्हणजे मुदतीची तारीख, हा शांत शब्द चालतो. 2020च्या नियमांनुसार ही अंतिम तारीख सक्तीची आहे. ‘इतक्या दिवसांत उत्तम’ ही ओळ मात्र ऐच्छिक. एक चव कधीपर्यंत चांगली ते सांगते, दुसरी कधीनंतर खाऊ नये ते सांगते, आणि तेलुगूत दोन्हींना ‘गडुवु’ लिहून टाकलं तर हा फरक पुसला जातो.

छपाईची एक अडचण मराठी छापणाऱ्यांना ओळखीची वाटेल. तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराच्या खाली लटकतो, त्याला ‘वत्तु’ म्हणतात. ‘उप्पु’, ‘नुव्वुलु’, ‘वेन्न’ या सगळ्यांत तो आहे. लहान अक्षरांत, प्लॅस्टिकच्या पाकिटावर शाई पसरली की वत्तु बुजतो, किंवा खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतो. आपले पाय मोडलेले ‘क् षमस्व’ जसे दिसतात, तसे भारतीय लिप्या न उमजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नुव् वुलु’ असे तुकडे पडतात. पडद्यावर मोठं करून पाहिलं तर खालची गर्दी कळत नाही. पाकिटाच्याच मापात छापून, हातात धरून वाचावं लागतं.

आणि सगळं नीट झाल्यावरही चूक शिरते ती सहा महिन्यांनी. शेंगदाण्याचं तेल महाग होतं, गट पामतेलावर येतो. तेलाचं नाव स्पष्ट सांगावं लागतं, म्हणून इंग्रजी ओळ बदलली जाते. तेलुगू ओळ, ती वाचणारा माणूस छापखान्यात नसल्यामुळे, ‘वेरुशनग नूने’ अशीच राहते. त्या पाकिटावर तेलुगू मजकूर छापणं कायद्याने सक्तीचं नाही, इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी पुरते. पण छापला, तर त्याने मूळ मजकुराच्या विरुद्ध काही सांगता कामा नये.