यादी रिकामी, प्रिंटर समोर

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बिलं छापणारा छोटा ब्लूटूथ प्रिंटर असतो. ५८ मिलिमीटर रुंदीचा कागदाचा रोल, बाजूला एक बटण, एक हिरवा दिवा. दुकानदाराने जुना फोन मुलाला देऊन नवा घेतला, त्यावर बिलिंगचं अ‍ॅप उतरवलं, ‘प्रिंटर शोधा’वर बोट ठेवलं. चक्र फिरत राहिलं आणि शेवटी एक ओळ आली: No devices found. प्रिंटर तर हाताच्या अंतरावर, दिवा पेटलेला. अशा वेळी पहिला संशय प्रिंटरवर येतो, दुसरा फोनवर, आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना कुणीतरी हमखास म्हणतं, “चायनाचा माल आहे हो, टिकायचा नाही.”

बहुतेक वेळा प्रिंटर निर्दोष असतो. त्याची खात्री करायला फोन लागतच नाही. प्रिंटर बंद करायचा, कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबलेलं ठेवून तो सुरू करायचा. बऱ्याच मॉडेलमधून स्वतःच्या तपासणीची एक चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर अनेकदा प्रिंटरचं ब्लूटूथचं नाव आणि जोडणीचा आकडाही छापलेला असतो. हा आकडा सहसा 0000 किंवा 1234 असतो.

मग फोनच्या सेटिंगमधलं ब्लूटूथचं पान उघडायचं. नवी उपकरणं शोधायला फोन साधारण बारा सेकंद घेतो, तेवढा वेळ थांबायचं. तिथे प्रिंटरचं नाव दिसलं आणि बिलिंगच्या अ‍ॅपमध्ये मात्र दिसत नसेल, तर प्रिंटर, फोनचा रेडिओ आणि दोघांमधलं अंतर या तिन्ही गोष्टी ठीक आहेत. अडचण फक्त अ‍ॅप आणि फोन यांच्यात आहे. सेटिंगचं पान हा फोनच्या यंत्रणेचाच भाग, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बाहेरून आलेल्या अ‍ॅपला लागते. अँड्रॉइड १२ पासून या परवानगीला स्वतःचं नाव आहे, Nearby devices. मराठी केलेल्या फोनवर ती जवळपासच्या डिव्हाइसची परवानगी म्हणून दिसते.

ब्लूटूथच्या नुसत्या शोधासाठी परवानगी कशाला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. ब्लूटूथचं उपकरण शोधणं म्हणजे आसपास कोण आपलं नाव पुकारतंय ते ऐकणं. ऐकू आलेल्या पुकाऱ्यासोबत एक पत्ता असतो आणि आवाज किती जोरात आला याचा आकडाही असतो. २०१३ मध्ये अ‍ॅपलने आयबीकन आणलं आणि २०१५ मध्ये गूगलने एडिस्टोन. ही छोटी उपकरणं मॉलच्या भिंतीवर किंवा दुकानाच्या फळीवर चिकटवायची आणि तिथून ती दिवसरात्र आपला क्रमांक पुकारत राहायची. कोणता क्रमांक कुठल्या भिंतीवर आहे हे ज्या कंपनीला ठाऊक आहे, तिच्या अ‍ॅपने तो क्रमांक ऐकला की फोनचा मालक नेमका कुठे उभा आहे हे तिला कळतं. जीपीएसची गरजच नाही. छपराखाली जीपीएस गडबडतं, तिथे तर हे जास्तच बिनचूक.

ही पळवाट बुजवायला २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून गूगलने नियम केला: शोधाचे निकाल हवे असतील तर अ‍ॅपने लोकेशनची परवानगी घ्यावी. नियमामागचं कारण खरं होतं, पण वापरणाऱ्याला तो विचित्रच वाटला. बिल छापायच्या अ‍ॅपला मी कुठे आहे हे कशाला हवं? रक्तदाबाच्या पट्ट्याला कशाला हवं? सावध माणूस नकार द्यायचा आणि यादी रिकामी राहायची. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने तर अंदाजे नव्हे, अचूक लोकेशनच मागितलं. पुढच्याच वर्षी, २ एप्रिल २०२० ला, आरोग्य सेतू आलं. ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू ठेवा, असं सांगणारा तो पडदा घराघरात पाहिला गेला. त्या अ‍ॅपला लोकेशन खरोखरच हवं होतं. पण ब्लूटूथ म्हटलं की लोकेशन येणारच, ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ ने ही जोडी सोडवली. शोधणं, जोडणं आणि स्वतःला इतरांना दिसू देणं अशा तीन वेगळ्या परवानग्या झाल्या. पडद्यावर मात्र त्यांच्यासाठी एकच प्रश्न येतो. या अ‍ॅपला जवळची उपकरणं शोधू, जोडू आणि त्यांचं सापेक्ष स्थान ठरवू द्यायचं का, अशा धर्तीचा. हा मजकूर ज्याने कुणी लिहिला, त्याने प्रिंटर जोडायला निघालेल्या माणसाचा विचार केलेला दिसत नाही. ‘स्थान’ हा शब्द वाचून शहाणा माणूस बिचकतो आणि नकाराचं बटण दाबतो.

खरी अडचण नकारानंतर सुरू होते. नव्या नियमांनुसार लिहिलेलं अ‍ॅप परवानगीशिवाय शोध सुरू करायला गेलं की फोन त्याला रोखठोक चूक कळवतो. Need android.permission.BLUETOOTH_SCAN permission अशा शब्दांनी सुरू होणारा तो संदेश असतो. पण तो अ‍ॅपला मिळतो, माणसाला नाही. काळजीपूर्वक लिहिलेलं अ‍ॅप त्यावरून परवानगी पुन्हा मागतं. घाईत लिहिलेलं अ‍ॅप बंद पडू नये म्हणून ती चूक गुपचूप गिळतं आणि पुढे जातं. शोध झालेलाच नसतो, म्हणून यादीत काही नसतं. यादीत काही नाही, म्हणून पडद्यावर ‘उपकरण सापडलं नाही’. ऐकायचंच नाही असं ठरलेलं असताना ‘ऐकू आलं नाही’ म्हणण्यातला हा प्रकार.

आधीच जोडून ठेवलेल्या प्रिंटरलाही यातून सूट नाही. सेटिंगमध्ये जाऊन, 0000 टाकून जोडणी केली तरी त्या जोडलेल्या उपकरणांची यादी वाचायला अ‍ॅपला याच गटातली दुसरी परवानगी लागते. त्यामुळे सेटिंगमध्ये ‘पेअर्ड’ दिसणारा प्रिंटर अ‍ॅपमध्ये गायब राहू शकतो. माणूस चक्रावतो तो इथेच.

अँड्रॉइड ११ पासून आणखी एक गोष्ट आहे. एखाद्या अ‍ॅपला तीच परवानगी दोनदा नाकारली की फोन तो प्रश्न पुन्हा विचारतच नाही. अ‍ॅपने कितीही वेळा मागितलं तरी पडद्यावर काही येत नाही. म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की ‘आपोआप’ चालू होतं. नव्या स्थापनेत प्रश्न नव्याने विचारला जातो, इतकंच. काही जण त्याआधीच वाय-फाय आणि ब्लूटूथ रिसेट करतात. त्याने परवानगीला धक्काही लागत नाही. घरच्या वाय-फायचे पासवर्ड आणि इअरफोनची जोडणी मात्र जाते.

एवढ्या खटाटोपाऐवजी सेटिंगमध्ये ‘अ‍ॅप्स’, त्यात बिलिंगचं अ‍ॅप, त्यात ‘परवानग्या’ आणि तिथे Nearby devices असं जायचं, आणि परवानगी द्यायची. कंपनीगणिक या पानांची मांडणी थोडी बदलते. तेव्हा बिलिंगच्या अ‍ॅपचं चिन्ह काही क्षण दाबून धरून ‘अ‍ॅप माहिती’ उघडणं सोपं पडतं. मग अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं आणि शोध घ्यायचा. कालपर्यंत चालणारं अ‍ॅप अचानक आंधळं झालं असेल तरी हेच पान पाहावं. काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या नवे फोन स्वतःहून काढून घेतात. वर्षातून एकदा, जत्रेच्या स्टॉलवर वापरायच्या प्रिंटरच्या बाबतीत असं होऊ शकतं.

परवानगी दिली आणि तरी यादी रिकामी, असंही घडतं. त्याचं कारण अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या एका ओळीत दडलेलं असतं. ब्लूटूथच्या निकालांवरून आपण माणसाचं ठिकाण शोधणार नाही, अशी हमी अ‍ॅप आपल्या जाहीरपत्रात देऊ शकतं:

```xml
<uses-permission
    android:name="android.permission.BLUETOOTH_SCAN"
    android:usesPermissionFlags="neverForLocation" />
```

ही हमी असेल तर लोकेशन लागत नाही. त्या बदल्यात फोन भिंतीवरच्या काही बीकनचे पुकारे निकालातून गाळून टाकतो. ती दिली नसेल तर जुना नियम कायम राहतो: जवळच्या उपकरणांच्या परवानगीशिवाय अचूक लोकेशनही हवं आणि फोनचं लोकेशन चालूही हवं. यातलं काही कमी पडलं तर निकाल नुसतेच येत नाहीत. अँड्रॉइड १२ नेच लोकेशन देताना ‘अचूक’ की ‘अंदाजे’ असा पर्याय दिला. अनेक जण खबरदारी म्हणून ‘अंदाजे’ निवडतात. परवानग्यांच्या पानावर मग लोकेशनलाही हिरवा कंदील दिसतो आणि प्रिंटर काही सापडत नाही. बिलिंगचं अ‍ॅप लोकेशन मागत असेल तर प्रिंटर जोडेपर्यंत ‘अचूक’ करून पाहावं. फरक पडला, तर दोष कुठे आहे ते कळलं.

एवढ्यानेही काही झालं नाही, तर मुलाच्या हातातला जुना फोन तपासावा. असा प्रिंटर सहसा एका वेळी एकाच फोनशी बोलतो. जुन्या फोनवरचं बिलिंगचं अ‍ॅप मागे कुठेतरी त्याला धरून बसलेलं असेल, तर नव्या फोनला तो दिसणार नाही. जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद करायचं आणि नव्यावर पुन्हा शोधायचं. पण या वेळी प्रिंटर फोनच्या सेटिंगच्या पानावरही सापडत नाही, आणि परवानगीच्या अडचणीपासून ही अडचण वेगळी ओळखायची खूण तीच.

नोव्हेंबर २०२२ पासून प्ले स्टोअरवर अद्ययावत होणाऱ्या अ‍ॅपना अँड्रॉइड १२ चे नियम धरून लिहिणं गूगलने सक्तीचं केलं. तेव्हा हा बदल माहीत नव्हता, असं म्हणायला आज कुणाही अ‍ॅपवाल्याला जागा नाही. परवानगी आहे की नाही हे अ‍ॅपला एका ओळीत तपासता येतं आणि परवानग्यांचं पान उघडून देणारं बटणही देता येतं. तुमचं बिलिंगचं अ‍ॅप हे करत नसेल, तर त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून एवढंच मागा: यादी रिकामी असेल तेव्हा ‘प्रिंटर सापडला नाही’ लिहू नका, ‘शोधायची परवानगी नाही’ असं लिहा.